पत्र पावले, मजकूर कळला

आमच्या वाचनालयाच्या हस्तलिखितात या वेळी अकरावीतल्या एका मुलीने चार पानांची गोष्ट लिहिली. विषय अगदी साधा. सानिका नावाच्या मुलीने व्हॉट्सॲपच्या निळ्या टिका बंद केलेल्या असतात आणि त्यापायी तिचा जुईशी, म्हणजे जिवलग मैत्रिणीशी, नऊ दिवस अबोला होतो. गोष्ट वाचून झाल्यावर चर्चा ठेवली होती. ती अर्ध्या तासाची होती, दीड तास चालली आणि शेवटी खुर्च्या उचलतानाही थांबली नाही. एका बाजूला पालक आणि दोन निवृत्त शिक्षक होते. त्यांचं म्हणणं, टिका बंद करणं ही लपवाछपवी आहे, सानिका चुकली. दुसऱ्या बाजूला कॉलेजची मुलं. त्यांच्या मते जुई चुकली, कारण कुणी काय कधी वाचलं हे तपासत बसणं ही पाळत आहे, उत्तर कधी द्यायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न. घरी येताना मला वाटत राहिलं की इतक्या चांगल्या गोष्टीवर आपण इतकं वाईट भांडलो.

वाईट अशासाठी की दोन्ही बाजू सेटिंगमधल्या एका बटणावर भांडत होत्या. बटण चालू हवं की बंद, एवढाच मुद्दा. माझं म्हणणं असं आहे की टिका बंद करण्याचा सानिकाला पूर्ण हक्क होता आणि त्यात फसवणूक काहीच नव्हती. पण यंत्राची पोचपावती बंद केल्यावर ती पोच देण्याचं काम तिच्याकडे आलं, ते तिने केलं नाही. आणि जुईची चूक तपासण्यात नव्हतीच. करड्या टिकेला तिने साक्षीदार मानलं, आणि त्या साक्षीदाराने काही पाहिलेलंच नव्हतं. गोष्ट नीट उलगडून बघितली की हे दिसतं. सभेत ती कुणी उलगडली नाही, म्हणून इथे उलगडतो.

सानिकाने टिका बंद केल्या त्या आत्यामुळे. आत्या रोज सकाळी फुलांचं चित्र पाठवायची, टिका निळ्या झाल्या की पाच मिनिटं वाट बघायची आणि मग सानिकाच्या आईला फोन करायची, "पोरीने बघितलंय, पण एक नमस्कार पाठवायला होत नाही तिला." तिसऱ्या फोननंतर सानिका Settings मध्ये, तिथून Privacy मध्ये गेली आणि Read receipts बंद करून आली. आता या ठिकाणी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, जी सभेत एकानेही काढली नाही. व्हॉट्सॲपवर हे बटण माणसागणिक नसतं. आयफोनच्या स्वतःच्या मेसेजमध्ये अमक्याला पावती द्यायची, तमक्याला नाही, असं ठरवता येतं. व्हॉट्सॲपवर सगळ्यांना किंवा कुणालाच नाही. आत्यासाठी लावलेली कडी जुईच्या तोंडावरही लागली. सानिकाच्या मनात तेव्हा जुई नव्हतीच.

मग येतो शुक्रवार. रात्री १० वाजून ४० मिनिटांनी जुई पाच मैत्रिणींच्या ग्रुपवर विचारते, "जर्नल सोमवारी द्यायचंय की मंगळवारी?" आणि आठ मिनिटांनी सानिकाला एकटीला मोठा मेसेज लिहिते. बाबांची बदली झाली आहे, जूनमध्ये नांदेडला जायचं, अजून कुणालाच सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. हे लिहून तिला इतकी धास्ती वाटते की ती फोन उशीखाली पालथा घालते. सानिका १० वाजून ५२ मिनिटांनी दोन्ही मेसेज वाचते. काय लिहावं ते तिला सुचत नाही. 'बापरे' लिहून पुसते, रडणारा चेहरा टाकून पुसते. वडील येऊन दिवा बंद करतात. ती ठरवते, हे लिहून बोलण्यासारखं नाही, उद्या क्लासला भेटल्यावर बोलू. या निर्णयात वाईट काही आहे का? मला तरी तो मैत्रीचाच निर्णय वाटतो.

सकाळी जुई फोन बघते. दोन टिका, दोन्ही करड्या. सानिकाने अजून वाचलेलं नाही, असं ती धरून चालते. क्लासला सानिका वाट बघते की जुई विषय काढेल, कारण इतरांसमोर आपण कसा काढायचा? जुई जर्नलबद्दल बोलते, सानिका हसून दाद देते. जुईला तर हायसंच वाटतं. रात्री भावनेच्या भरात लिहिलं, अजून वाचलं गेलेलं नाही, तर काढून टाकावं. दुपारी ती मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करते. दोन दिवसांहून थोडी जास्त मुदत त्यासाठी मिळते, त्यामुळे चौदा तासांनीही ते जमतं. सानिकाच्या फोनवर त्या जागी This message was deleted अशी ओळ उरते. सानिका याचा अर्थ लावते की जुईला आपल्याला सांगितल्याचा पश्चात्ताप झाला. मग आपण कशाला विचारायचं? ती गप्प बसते.

रविवारी जुई ग्रुपवरचा आपला जर्नलचा प्रश्न दाबून धरते आणि कुणी बघितलाय हे पाहायला माहिती उघडते. Read by खाली सानिकाचं नाव, समोर वेळ, १०:५२. कारण बटण बंद असलं तरी ग्रुपमधली पावती बंद होत नाही. जुई हिशोब करते. माझा मेसेज १०:४८ चा, ही १०:५२ ला फोनवर होती, ग्रुप वाचला आणि माझं वाचलं नाही? खात्री करायला ती आठ सेकंदांचा आवाजी मेसेज पाठवते, "आई विचारतेय, तुमच्याकडचं मोठं पातेलं मिळेल का?" मिनिटभरात मेसेजवरचा छोटा माइक निळा होतो. आवाजी मेसेज ऐकल्याची खूणही त्या बटणाने बंद होत नाही. आणि माइक निळा असताना बाकीचे जुने मेसेज मात्र करडेच. म्हणजे हिने टिका बंद केल्यात, हे जुईला आता कळतं. म्हणजे तिने शुक्रवारीच वाचलं होतं. वाचून ती शनिवारी माझ्यासमोर हसत होती.

इथवरची गोष्ट सभेत सगळ्यांनी सांगितली. पुढचा तुकडा, जो मला सगळ्यात हुशारीचा वाटतो, तो कुणाच्या लक्षातच आला नाही. रविवारी रात्री सानिकाला राहवत नाही आणि ती लिहिते, "शुक्रवारचं वाचलं होतं मी. उद्या बोलू?" जुई ते लगेच वाचते आणि रागाने उत्तर देत नाही. सानिकाच्या फोनवर दोन करड्या टिका. तिला वाटतं, जुईने अजून बघितलेलं नाही, घरात आवराआवर चालली असेल. आपण वाट बघू. पण व्हॉट्सॲपचा नियम असा की ज्याने आपली पावती बंद केली, त्याला दुसऱ्याचीही दिसत नाही. जुईच्या टिका निळ्या होत असतील, पण सानिकाला त्या कधीच दिसणार नाहीत. आपणच मारलेली पट्टी आपल्याही डोळ्यांवर आहे हे ती विसरलेली असते. तीन दिवस ती अशा मेसेजच्या वाचनाची वाट बघते, जो केव्हाच वाचून झालेला आहे. शनिवारी जुई जिथे फसली, नेमकी तिथेच रविवारी सानिका फसते. मग यात अपराधी कोण?

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे. ते कच्चे नाहीत. एका शिक्षकांनी विचारलं, आजारी आईला मेसेज केला आणि टिका निळ्या झाल्या, तर जिवात जीव येतो की नाही? येतो. रात्री एसटीने निघालेल्या मुलीला "कुठवर आलीस" विचारल्यावर उत्तर येण्याआधी नुसत्या निळ्या टिकाही पुरतात. हे सुख मी नाकारत नाही. त्याहून वजनदार मुद्दा एका वकील पालकांनी मांडला. जून २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्यासमोरच्या प्रकरणात, व्हॉट्सॲपवर पीडीएफ म्हणून पाठवलेली नोटीस बजावली गेली असं मान्य केलं. क्रेडिट कार्डाची थकबाकी होती आणि देणेकरी नोटीस टाळत होता. मेसेज पोचला आणि जोडलेली फाइल उघडलीही गेली, हे खुणांवरून दिसतं, असं न्यायालयाने म्हटलं. वकीलसाहेब म्हणाले, उच्च न्यायालय ज्या खुणेवर विश्वास ठेवतं, तिच्यावर सोळा वर्षांच्या पोरीने ठेवला तर तिचं काय चुकलं?

प्रश्न बिनतोड वाटतो, पण तो आपल्याच वजनाने वाकतो. न्यायालयासमोर प्रश्न एवढाच होता की नोटीस त्या माणसापर्यंत गेली का. त्याने ती मनावर घेतली का, त्याला काय वाटलं, उत्तर का दिलं नाही, हे न्यायालयाने खुणेला विचारलंच नव्हतं. आणि अशी पावती कधी लागते? समोरचा टाळतोय अशी शंका असते तेव्हा. आपल्याकडे रजिस्टर ए.डी. याचसाठी होतं. घरमालक भाडेकरूला, सावकार कुळाला, वकील प्रतिवादीला रजिस्टर ए.डी. करायचा. १८९७ चा जनरल क्लॉजेस ॲक्ट आजही सांगतो की नीट पत्ता घालून, तिकीट लावून रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेलं पत्र, उलट सिद्ध होईपर्यंत, पोचलं असं धरायचं. पोस्टमनने 'घेण्यास नकार' असा शेरा मारून पाकीट परत आणलं तरी साधारणपणे नोटीस बजावली गेली असंच मानलं जातं. ही सगळी व्यवस्था अविश्वासावर उभी आहे आणि तिथे ती चोख आहे. पण माहेरी पोचल्याचं पत्र कुणी रजिस्टर ए.डी. केलं? ओवाळणीच्या मनीऑर्डरीची, बहिणीच्या सहीची पावती भावाने कपाटात जपली असेल, पण ती काही पुरावा म्हणून नाही. कोर्टकचेरीचं हत्यार आपण दोन मैत्रिणींच्या मध्ये आणून ठेवलं आणि वर विचारतोय, त्या एकमेकींकडे वादी-प्रतिवादीसारख्या का बघतात?

दुसरी गोष्ट, खूण नेमकं काय सांगते ते तरी बघा. एक करडी टिक म्हणजे मेसेज आपल्या फोनवरून निघाला. दोन करड्या म्हणजे समोरच्याच्या फोनवर पोचला. निळ्या म्हणजे त्याच्या फोनवर तो संवाद उघडला गेला. उघडला गेला, इतकंच. कुणी नोटिफिकेशनमध्ये सगळा मजकूर वाचून फोन खिशात टाकला तर टिका करड्याच राहतात. संवाद पडद्यावर उघडा ठेवून कुणी गॅसवरचं दूध उतरवायला गेलं आणि तेवढ्यात मेसेज आला, तर न वाचता निळ्या होतात. ईमेलच्या पोचपावतीचं मानक १९९८ साली लिहिलं गेलं, आरएफसी २२९८ या क्रमांकाने. ते लिहिणारे अभियंते या बाबतीत आपल्यापेक्षा फार प्रामाणिक होते. त्यांनी या स्थितीला 'वाचला' असं नाव दिलंच नाही, 'दाखवला गेला' असं दिलं, आणि शेजारीच लिहून ठेवलं की मजकूर वाचला गेला किंवा समजला याची हमी नाही. अशी पावती पाठवण्याआधी माणसाची संमती घ्यावी, अशी जोरदार शिफारसही त्यांनी केली होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॉट्सॲपने निळ्या टिका आणल्या त्या न विचारता. इतका गलका झाला की काही दिवसांतच बंद करण्याची सोय द्यावी लागली. बटण आलं, पण 'दाखवला गेला' ते 'वाचला' आणि 'वाचला' ते 'दुर्लक्ष केलं' या दोन उड्या तोवर आपण मारून बसलो होतो. सोळा वर्षांची पोरं तर त्या उड्यांच्या पलीकडेच जन्मली म्हणायची.

आता कॉलेजच्या मुलांकडे वळतो, कारण टाळ्या त्यांना जास्त मिळाल्या. एका मुलाने मला थेट विचारलं, "काका, तुम्ही म्हणता पोच स्वतः द्यावी. म्हणजे हाताने मारलेली निळी टिकच की! आत्याच्या जागी तुम्ही आलात, एवढाच फरक." प्रश्न चांगला आहे आणि तिथल्या तिथे मला उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर सुचलं.

पेशवाईतली मराठी पत्रं ज्यांनी चाळली असतील त्यांना उत्तराची ठरलेली सुरुवात आठवेल. आपण पत्र पाठविले ते पावोन लिखितार्थ अवगत जाहला. पुढे आपल्या आजोबांच्या पोस्टकार्डांवर याचंच 'पत्र पावले, मजकूर कळला' झालं. या चार शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पावणं वेगळं, कळणं वेगळं. आणि दोन्ही सांगतो तो पत्र घेणारा, स्वतःच्या अक्षरात, उत्तराच्या पहिल्या ओळीत. पोच आणि उत्तर यांच्यात फट नव्हती. पत्र पोचलंय पण उत्तर आलं नाही, ही अवस्था पाठवणाऱ्याला दिसायचीच नाही. त्याला फक्त शांतता दिसायची, आणि त्या शांततेत टपालाचा उशीर, पूर, आजारपण, विसरभोळेपणा अशा शंभर निरपराध कारणांना जागा होती. निळ्या टिकेने पोच उत्तरापासून तोडली आणि मधली ती फट उजेडात आणली. मुलं जिला 'सीनवर ठेवणं' म्हणतात ती हीच फट. गंमत अशी की टिका बंद केल्याने पत्रांचा काळ परत येत नाही. करड्या टिका बघणाऱ्याला टपालाचा उशीर वगैरे सुचत नाही, कारण दुसऱ्या करड्या टिकेने मेसेज फोनवर पोचल्याचं आधीच सांगून टाकलेलं असतं.

म्हणून त्या मुलाला माझं उत्तर असं. यंत्राची पावती सगळ्यांना सारखीच जाते, आत्याच्या फुलांनाही आणि जुईच्या बदलीलाही. माणूस निवडतो. फुलांना पोच द्यायला सानिका बांधील नाही, आणि आत्या रागावली तर रागावू दे. पण कुणी "अजून कुणालाच सांगितलेलं नाही" असं लिहून काही हातात ठेवलं, तर ते हातात आलं एवढं सांगावं लागतं. आणि यंत्राला जे कधीच सांगता येणार नाही, ते माणूस सांगू शकतो: "वाचलं. आत्ता काही सुचत नाहीये. उद्या बोलू." शुक्रवारी १० वाजून ५५ मिनिटांनी सानिकाने एवढं पाठवलं असतं तर गोष्ट दुसऱ्या पानावरच संपली असती. यात उत्तर देण्याची सक्ती कुठे आहे? उलट उत्तरासाठी रात्रभराची सवड मिळते, आणि सानिकाला तीच तर हवी होती. मोबाइल नवे होते तेव्हा "पोचल्यावर मिस कॉल दे" असं आपण सगळेच म्हणायचो. पैसा लागायचा नाही, शब्दही लागायचा नाही, पण तो मिस कॉल कुणीतरी आठवणीने, स्वतःच्या बोटाने दिलेला असायचा. आई त्यावर झोपायची. त्याला कुणी पाळत म्हटल्याचं मला आठवत नाही.

मुलांचा एक मुद्दा मात्र मी पूर्ण मान्य करतो, आणि त्यावर माझ्याकडे तोडगा नाही. त्यांचं म्हणणं, सगळ्यांच्या टिका चालू असलेल्या वर्गात एकाच मुलीच्या बंद असल्या की ते बंद असणंच एक विधान होतं. 'ही काहीतरी लपवते.' आमच्या पिढीला उशिरा उत्तर देण्याची मुभा न मागता मिळाली होती, यांना ती सेटिंगमध्ये जाऊन घ्यावी लागते, आणि घेतली की खुलासा करावा लागतो. "माझ्या टिका बंद असतात हं, आत्यामुळे," असं जुईला आधीच सांगून ठेवणं सोपं होतं, असं एक आजी म्हणाल्या. बरोबरच आहे. पण सोळाव्या वर्षी आपल्याला तरी हे सोपं गेलं असतं का, असं त्यांच्याच शेजारी बसलेल्या दुसऱ्या आजींनी विचारलं, तेव्हा सभेत पहिल्यांदा क्षणभर शांतता झाली.

गोष्टीत दोघी नवव्या दिवशी एसटी स्टँडवर समोरासमोर येतात. "तू वाचलं होतंस?" "हो." "कधी?" "तेव्हाच." मग गाडी लागते, दोघी चढतात, शेजारी बसतात आणि तिकिटाचे पैसे कुणी काढायचे यावरून भांडतात. टिकांचा विषय पुन्हा निघत नाही. सभा संपल्यावर मी लिहिणाऱ्या मुलीला गाठलं आणि विचारलं, "सगळं मिटल्यावर सानिका ते बटण परत चालू करते, असं का नाही दाखवलंस?" तिने माझ्याकडे जरा दयेनेच बघितलं.

"आत्या अजून आहे ना, काका."